सगळे u सारखे ठेवा, मग बघा

«टीएसपीत सबटूर काढायला 2^n अटी लिहीत बसू नका. प्रत्येक शहराला क्रमाचा एक पूर्णांक चल u द्या आणि शहरांच्या प्रत्येक जोडीवर `u_i - u_j + n*x_ij <= n-1` लावा. अटी फक्त n², म्हणजे प्रश्न सोपा झाला!»

हा फॉरवर्ड माझ्या भाचीच्या वर्गात फिरतोय. टीएसपी म्हणजे सगळी n शहरं एकेकदा फिरून परत येणारा सर्वांत छोटा फेरा शोधायचा प्रश्न. सबटूर म्हणजे काही शहरांपुरताच बंद होणारा तुटका फेरा, आणि i वरून थेट j ला गेलो तर x_ij १, नाहीतर ०. परवा रात्री अकराला तिचा फोन आला, "मामा, सॉल्व्हर Infeasible म्हणतोय, म्हणजे उत्तरच नाही. पण रस्ता तर आहेच ना?" रस्ता आहेच. चूक फॉरवर्डमधल्या "प्रत्येक जोडीवर" या दोन शब्दांत आहे.

सहा शहरं घ्या. नुसतं असाइनमेंटचं मॉडेल, म्हणजे प्रत्येक शहरात एकदा शिरा आणि एकदा बाहेर पडा एवढंच सांगितलं, की ते खुशाल १-२-३-१ आणि ४-५-६-४ असे दोन वेगळे फेरे काढून देतं. आता u ची अट लावा. `x_45 = 1` असेल तर u_5 हा u_4 पेक्षा निदान एकाने मोठा हवा. तसाच u_6 हा u_5 पेक्षा, आणि पुन्हा u_4 हा u_6 पेक्षा. म्हणजे u_4 स्वतःपेक्षाच तीनने मोठा. फेरा मेला, छान. पण खरा, सहाही शहरांचा फेरासुद्धा शेवटी बंद फेराच की! त्याच्यावरच्या सहा अटींची बेरीज करा: u सगळे कटतात, उरतं ३६ ≤ ३०. म्हणून एक शहर, जिथून निघायचं ते, या अटींतून बाहेर ठेवावंच लागतं. क्रम तिथे तुटतो आणि फक्त त्याच्यातून जाणारा फेरा जगतो.

ही चूक कुठून येते तेही सांगतो. मिलर, टकर आणि झेमलिन यांच्या १९६० च्या मूळ लेखात निघायचं शहर ० आहे आणि अटी १ ते n वर आहेत. आपले लोक १ ते n तसंच उचलतात आणि शून्य विसरतात. भाचीचा कोड एवढ्यानेच सुटला:

```python
for i in range(1, n):
    for j in range(1, n):
        if i != j:
            m += u[i] - u[j] + n*x[i][j] <= n - 1
```

u पूर्णांक कशाला? त्याच लेखात u कुठलीही वास्तव संख्या चालते. पूर्णांक फक्त x. u मधून थेट "कितवं शहर" वाचायचं असेल तर त्याला १ ते n-1 ची मर्यादा घाला, आकडे आपोआप नेमके बसतात.

आता "सोपा झाला". सॉल्व्हर आधी x ला अपूर्णांक होऊ देतो आणि निघालेल्या किमतीवरून पुढे किती शोधायचं ते ठरवतो. आपल्या सहा शहरांत प्रत्येक त्रिकुटाच्या आत अंतर १ किमी आणि एका त्रिकुटातून दुसऱ्यात जायला १० किमी धरा. खरा सर्वांत छोटा फेरा २४ किमी: आतले चार टप्पे, पलीकडे जायचे-यायचे दोन. आता आतल्या प्रत्येक रस्त्याला, दोन्ही दिशांनी, x = ०.५ द्या आणि सगळे u सारखे ठेवा. u ची प्रत्येक अट जास्तीत जास्त ३ ≤ ५ होते, म्हणजे आरामात पाळली जाते. खर्च ६ किमी, आणि दोन त्रिकुटांमध्ये एकही रस्ता नाही! अटी लावल्या नसत्या तरी ६ च आले असते. १९९१ मध्ये देरोशे आणि लापोर्त यांनी हीच अट घट्ट केली, `u_i - u_j + (n-1)*x_ij + (n-3)*x_ji <= n-2`. आपलं उदाहरण तिच्यातूनही ४ ≤ ४ करत निसटतं.

याउलट जुनी अट, "तीन शहरांच्या आत दोनापेक्षा जास्त टप्पे नकोत", दोन्ही त्रिकुटांवर लावा. अपूर्णांकातही २४ च्या खाली जाता येत नाही. आणि त्या 2^n अटी सगळ्या लिहायला कोण सांगतंय? डँट्झिग, फुलकरसन आणि जॉन्सन यांनी १९५४ मध्ये ४९ शहरांचा फेरा सोडवला तो गरज पडेल तशा मोजक्या अटी घालत. आजही तसंच करतात: सोडवा, तुटका फेरा दिसला की त्याच्यापुरती अट घाला, पुन्हा सोडवा.

एक मान्य करतो, नाइलाजाने. u ची अट लिहायला दोन मिनिटं लागतात, लहान प्रश्नाला पुरते, आणि गाडीतला माल किंवा पोचायची वेळ मोजायची असेल तर तसाच चल कामाला येतो. भाचीच्या प्रोजेक्टमध्ये नऊच थांबे आहेत, तिचं भागलं. तिचा मित्र साठ थांबे घेऊन बसलाय. त्याला म्हटलं, सॉल्व्हरच्या लॉगमध्ये Gap बघ, म्हणजे हातातला फेरा आणि अपूर्णांकातून निघालेली खालची किंमत यांतला फरक. तो तासभर जागचा हलत नसेल तर u काढून टाक आणि तुटके फेरे शोधणारं लूप लिही.