पेरूच्या बिया आणि एरंडेलाचे दोन चमचे

«चाळिशीनंतर पोट साफ न झाल्यामुळे आतड्याला पिशव्या पडतात. पेरू, टोमॅटो, तीळ यांच्या बिया त्यात अडकून सडतात, म्हणून बिया कायमच्या बंद करा. डाव्या बाजूला खाली दुखलं म्हणजे मळ अडकलाय, रात्री दोन चमचे एरंडेल घ्या. इसबगोल २१ दिवस घेतलं की पिशव्या बंद होतात. दुर्लक्ष केलं तर कॅन्सर ठरलेला. सर्वांना पाठवा.»

माझ्या वहिनींनी हे वाचलं आणि अक्षरशः तसंच केलं. वय ५४, राहायला कराडजवळ. दोन वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी सीटी स्कॅन झाला, तेव्हा रिपोर्टात मोठ्या आतड्यात डायव्हर्टिक्युला, म्हणजे भिंतीतून बाहेर फुगलेल्या याच पिशव्या, असल्याची एक ओळ होती. त्रास काहीच नव्हता. बहुतेकांना तो कधीच होत नाही. शंभर जणांच्या आतड्यात या पिशव्या असल्या, तर त्यातल्या मोजक्यांचीच पिशवी कधीतरी सुजते. मी सर्जिकल वॉर्डात २२ वर्षं सिस्टर आहे आणि आमच्याच घरात मला विचारण्याआधी या मेसेजला विचारलं गेलं, म्हणून आज हे लिहायला बसले.

आधी एरंडेल, कारण जीव त्यात जातो.

गुरुवारी वहिनींच्या डाव्या कुशीत खाली दुखायला लागलं. दोन दिवस शौचाला झालं नव्हतं, म्हणून रात्री चहातून दोन चमचे एरंडेल घेतलं. पहाटे कळा, उलटी, १०१ ताप. मी फोनवर विचारलं, "वहिनी, दुखणं येतं-जातं की सारखं आहे?" म्हणाल्या, "वन्सं, सारखं आहे, आणि खड्ड्यातून रिक्षा गेली की जीव जातो." एवढ्यावरून मी त्यांना थेट दवाखान्यात न्यायला सांगितलं.

नुसत्या बद्धकोष्ठतेचं दुखणं कळा येऊन जातं, पोटभर फिरतं, वारा सरला किंवा पोट साफ झालं की हलकं होतं. पिशवी सुजली की दुखणं एका जागी बसतं, तासागणिक वाढतं, बोट ठेवून जागा दाखवता येते, धक्का बसला की जास्त दुखतं. सोबत ताप येतो, जेवण नकोसं होतं. अशा वेळी शौचाला न होणं हा सुजेचा परिणाम असतो, कारण सुजलेला भाग नीट हालचाल करत नाही. तिथे जुलाबाचं औषध देणं म्हणजे दुखऱ्या, पातळ झालेल्या भिंतीवर जोर लावायला लावणं. एनिमाही तसाच. घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळीही नको. या गोळ्यांनी पिशवी फुटण्याचा धोका वाढतो आणि वर दुखणं दबून उशीर होतो. पोट लाकडासारखं कडक झालं, वारा सरायचा थांबला, शौचातून रक्त गेलं किंवा लघवीतून बुडबुडे आले, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि डावीकडेच दुखेल असंही नाही. युरोप-अमेरिकेत हा आजार मुख्यतः डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या सिग्मॉइड भागात असतो. आशियाई लोकांत तो उजवीकडेही बराच दिसतो आणि मग अपेंडिक्स समजला जातो. म्हणजे हा मेसेज उजवीकडच्या रुग्णाला उपयोगाचा नाही आणि डावीकडच्याला घातक आहे.

आता बिया. एक मान्य करते: हा सल्ला मेसेजवाल्यानं शोधलेला नाही. कित्येक वर्षं डॉक्टरच तो देत होते आणि मी स्वतः डिस्चार्जच्या वेळी रुग्णांना सांगितला आहे. पण तो अंदाज होता, तपासलेला नव्हता. तो तपासला गेला २००८ मध्ये. अमेरिकेतल्या ४० ते ७५ वयाच्या ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्याची १८ वर्षं नोंद ठेवली, आणि तो अभ्यास जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेंगदाण्यासारखे दाणे-सुकामेवा, मका आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांना सूज किंवा रक्तस्राव जास्त झाला का? नाही झाला. उलट सुकामेवा आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांत सुजेचं प्रमाण कमीच निघालं. अभ्यास फक्त पुरुषांचा आहे आणि पेरूची बी त्यात मोजलेली नाही, हे खरं. पण बी अडकून सडते असं दाखवणारा पुरावा दुसऱ्या बाजूला कुठे आहे? पिशव्या असलेल्यांनी बिया टाळाव्यात असं आता सांगितलं जात नाही.

या बंदीनं आमच्याकडे काय झालं ते बघा. सहा महिने वहिनींनी पेरू, टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी, तिळाची चटणी सोडली. शेंगदाण्याचं कूटही बंद, म्हणजे आपल्या निम्म्या भाज्या बाद. ज्वारी जड वाटते म्हणून भाकरी गेली. उरला मऊ भात आणि वरण. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीनाच्याही आत. तंतू पाणी धरून मळ मऊ आणि भरीव ठेवतात. ते गेले आणि त्यांना कधी नव्हती ती बद्धकोष्ठता लागली. बिया सोडून जो आजार टाळायचा होता, त्याची वाटच सोपी केली.

बद्धकोष्ठतेनं पिशव्या पडतात हे अर्धं खरं, तेही जुनं. आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या शिरतात ती जागा कच्ची असते. आतला दाब वाढला की तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं. तंतू कमी, म्हणून दाब जास्त, हे पेंटर आणि बर्किट या दोन सर्जननी १९७१ मध्ये मांडलं. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, झालेल्या दोन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. त्यात बद्धकोष्ठता असलेल्यांत पिशव्या जास्त आढळल्या नाहीत. पिशवी पडणं आणि पडलेली पिशवी सुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तंतूंचा फायदा दुसऱ्यात दिसतो.

इसबगोलनं पिशवी मिटत नाही, २१ दिवसांत नाही आणि २१ महिन्यांतही नाही. मळ मऊ करायला ते चांगलं आहे, पण भरपूर पाण्यासोबत. कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर तेच अडकतं.

वहिनींच्या स्कॅनमध्ये सिग्मॉइडची भिंत जाड, आजूबाजूची चरबी सुजलेली, पण पू नाही आणि छिद्र नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढून १६ हजार. ताप होता म्हणून तीन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. पहिले दोन दिवस पाणी, ताक, पेज, मग मऊ भात. सूज असताना तंतू कमीच ठेवतात. दुखणं गेल्यावर आठवड्याला एक-एक गोष्ट वाढवली: आधी दुधी आणि दोडका, मग अर्धी भाकरी, मग मटकी. एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि लोक परत भातावर येतात.

कॅन्सरचं म्हणाल तर पिशवीचा कॅन्सर होत नाही. पण स्कॅनवर जाड झालेली भिंत कधीकधी मुळातच गाठ असते, म्हणून सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी सांगतात. सूज असताना ती करत नाहीत, आतडं फाटू शकतं. वहिनींची सातव्या आठवड्यात झाली. पिशव्या आहेत, बाकी काही नाही. परवा त्यांनी फोन केला, "वन्सं, तीळ भाजायला घेतलेत, खाऊ ना?" मी म्हटलं, खा, आणि तो मेसेज पाठवणाऱ्या तुमच्या भावालाही डबाभर द्या.