शिक्का खरा, नेट वजनही खरं, मग बिल अडतं कुठं?

प्रतिक्रिया: "मागचा लेख वाचला. पंख्याखाली बसून बिलावर लाल पेन मारायला काय जातंय तुमचं? माल पोचला, पीओडीवर शिक्का हाय, सही हाय, शॉर्टेज नाही. मग फास्टॅगचं स्टेटमेंट कशाला, काट्याची पावती कशाला? तुम्ही ऑडिटवाले फक्त कापायला बसलेला. आमच्या बाजूनं रुपाया वाढवून दिलेला कधी ऐकलं नाही." (खानापूरचा एक गाडीमालक)

उत्तर:

मालक, आधी शिक्क्याचं बघू. बाकीचं त्यातूनच निघेल.

पीओडी म्हणजे माल पोचल्याची पावती. तिच्यावरच्या शिक्क्यातून एकच गोष्ट कळते: माल त्या दारात पोचला आणि तिथल्या माणसानं तो उतरवून घेतला. भाडं कोणत्या वजनावर लावायचं, गाडी बाहेर किती वेळ उभी होती, वाटेत आणखी कुणाचा माल चढला का, यातलं काही त्यावर नसतं. आणि बिल तर नेमकं याच गोष्टींवर बनतं. एक बिल उलगडून दाखवतो. नावं सांगणार नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं कास्टिंग दहाचाकी गाडीतून चाकणला गेलं. ठरलेला दर टनाला १,६०० रुपये आणि गॅरंटी वजन १५ टन, म्हणजे माल कमी भरला तरी भाडं १५ टनांचं. त्याच कलमात पुढं एक अट होती: गाडी फक्त आमच्या मालासाठी असेल तरच ही गॅरंटी, नाहीतर प्रत्यक्ष वजनावर भाडं. टोल लागेल तसा वेगळा, स्टेटमेंट जोडून. चाकणला गाडी पोचल्यापासून २४ तास मोफत, त्यापुढं प्रत्येक दिवसाला किंवा दिवसाच्या भागाला १,५०० रुपये हॉल्टिंग.

बिल आलं ते असं: १५ टनांचे २४,०००, दोन दिवसांचं हॉल्टिंग ३,००० आणि टोल. पीओडी अगदी स्वच्छ. एलआरवर, म्हणजे माल भरताना फाडलेल्या पावतीवर, १३.२ टन, चाकणच्या काट्यावर नेटही १३.२ टन. तुमच्या भाषेत, शिक्का हाय, सही हाय, शॉर्टेज नाही. बहुतेक ठिकाणी तपासणी इथंच संपते, कारण सगळे नेटचा आकडा बघतात.

मी काट्याच्या दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. बेळगावात रिकामी गाडी १०.२ टन, भरलेली २३.४. चाकणला आत जाताना २६.१ आणि माल खाली करून बाहेर पडताना १२.९. दोन्हीकडं वजाबाकी करा, नेट १३.२ च येतं. पण रिकामी गाडी बेळगाव सोडून चाकणला पोचेपर्यंत २.७ टनांनी जड कशी झाली? डिझेल म्हणाल, तर ३०० लिटरची टाकी काठोकाठ भरली तरी अडीचशे किलोच्या आसपासच वजन वाढतं. ताडपत्री पावसात भिजली म्हणाल, तर ती काही टनात भिजत नाही. गाडीत काहीतरी होतं, जे चाकणच्या त्या कंपनीत उतरलंच नाही.

तरीही एवढ्यावर पैसे कापणं चूक ठरलं असतं. काटाच शून्यावर न बसता मुळात २.७ टन जास्त दाखवत असेल, तर भरलेलं आणि रिकामं दोन्ही वजनं तेवढ्यानंच वाढतील, आणि नेट पुन्हा बरोबर येईल. कागदावर दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून त्याच दिवशी त्याच काट्यावर गेलेल्या आमच्या दुसऱ्या गाड्यांची रिकामी वजनं काढली. ती बेळगावच्या पावत्यांशी थोड्याफार किलोंच्या फरकानं जुळत होती. म्हणजे काटा ठीक होता. पुष्कळ ऑडिटवाले ही पायरी गाळतात, आणि मग तुमच्यासारखी माणसं चिडतात ते बरोबरच आहे.

आता फास्टॅग. टोलचे पैसे मिळावेत म्हणून ते स्टेटमेंट गाडीमालकानंच बिलाला जोडलेलं होतं, मी काही वेगळं मागितलं नाही. बेळगावहून पुण्याकडं जाताना हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे नाके लागतात. या गाडीनं कोगनोळी दुपारी चारच्या पुढं ओलांडलं आणि किणी रात्री दहानंतर. भरलेल्या गाडीला हे अंतर दीड-दोन तासांचं, इथं सहा तास गेले. मधे गोकुळ शिरगाव आणि शिरोली या दोन एमआयडीसी आहेत. आता सहा तास म्हणजे चोरी असं मी म्हणत नाही; पंक्चर असेल, ड्रायव्हर झोपला असेल. नुसत्या फास्टॅगवर मी कधी पैसे कापत नाही. वजनाचा फरक आणि हा खंड एकमेकांशी जुळले, म्हणून फोन केला. (एक सावधगिरी: स्टेटमेंटमध्ये दोन वेळा असतात. रीडरनं टॅग वाचला ती वेळ खरी. पैसे खात्यातून गेले ती वेळ कधीकधी तासन् तास मागं पडते. ती धरून हिशेब करणारे लोक बघितलेत मी, ते गाडी उलटी पळवतात.)

गाडीमालक सरळ माणूस. म्हणाला, शिरोलीत कायमच्या पार्टीचा माल चढवला, जागा रिकामी होती, अर्धी गाडी हवा घेऊन पळवायची का? प्रश्न रास्त आहे. गाडी २८.५ टनांच्या मर्यादेत होती, त्यामुळं ओव्हरलोडचाही मुद्दा नव्हता. मुद्दा एवढाच की न भरलेल्या जागेचे पैसे गॅरंटीतून फाउंड्रीनं दिले आणि तीच जागा दुसऱ्याला विकली गेली. मग करारानुसार १३.२ टनांचे २१,१२० रुपये. कपात २,८८० रुपयांची.

इथं थांबलो असतो तर तुमची तक्रार खरी ठरली असती. पण त्याच बिलात हॉल्टिंगची ओळ होती, आणि फाउंड्रीच्या माणसानं ती आधीच अर्धी करून ठेवलेली होती. गाडीमालकानं एलआरच्या तारखेपासून दिवस मोजले होते, ते चूकच. पण फाउंड्रीनं चाकणच्या गेट एन्ट्रीपासून मोजले: १२ तारखेला संध्याकाळी सातला गाडी आत, १४ ला सकाळी अकराला खाली. पहिले २४ तास वजा केले की १६ तास उरतात, म्हणजे एकच दिवस.

आता त्याच फास्टॅगकडं बघा. खेड शिवापूर पहाटे चारच्या पुढं ओलांडलंय. तिथून चाकणला संध्याकाळी सात वाजेपर्यंत गाडी काय करत होती? तुम्हाला माहीतच आहे. सिक्युरिटी रजिस्टरमध्ये नोंद करते ती गाडी आत घेताना. सकाळी पोचलेला ड्रायव्हर कागद खिडकीत देऊन दिवसभर रस्त्यावर रांगेत असतो, आणि तो दिवस कुणाच्याच वहीत नसतो. करारात शब्द होता 'पोचल्यापासून', 'गेट एन्ट्रीपासून' नव्हे. गाडीला जीपीएस होता, तो रिपोर्ट मागवला. सकाळी पावणेआठपासून गाडी कंपनीच्या भिंतीलगत उभी. तिथून मोजलं तर १४ च्या अकरापर्यंत ५१ तास होतात, मोफत २४ गेले की २७ उरतात, म्हणजे दोन दिवस. कापलेले १,५०० परत जोडायला लावले.

फाउंड्रीच्या मॅनेजरला ते फारसं आवडलं नाही. पण ज्या स्टेटमेंटनं गॅरंटी वजनाचे पैसे वाचवले, तेच हॉल्टिंगला नाकारायचं, हे कसं चालेल?

वाढवून देण्याची आणखी एक जागा आपल्या सीमाभागातच सापडते, ती म्हणजे डिझेलचं कलम. दर ठरवताना डिझेल अमुक असेल असं धरतात, आणि पुढं फरक पडला की भाडं त्या प्रमाणात बदलतं. प्रश्न असा की डिझेल कुठलं? जून २०२४ मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला तेव्हा इकडं डिझेल लिटरमागं तीन रुपयांच्या आसपास चढलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा दोन रुपये. या वाढीशी पुण्याच्या पंपाचा काही संबंध नाही. करारात 'लोडिंगच्या गावचा दर' लिहिलेलं असताना हिशेब पुण्याच्या दरानं चाललेला मी पाहिलाय, कारण कराराचा मसुदा पुण्याच्या ऑफिसातून आलेला आणि दर तिथलाच कारकून बघायचा.

किती फरक पडतो ते बघा. मूळ दर ८६ रुपये धरला आणि भाड्यात डिझेलचा वाटा ४० टक्के ठरलेला असेल, तर पाच रुपये वाढीनं भाडं सव्वादोन टक्क्यांच्या वर चढतं. १,६०० च्या दरावर टनाला ३७ रुपये, १५ टनांच्या ट्रिपला साडेपाचशेच्या वर. एका ट्रिपला हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून तो कुणी मागत नाही. मी तसा शेरा मारला तेव्हा मागच्या ट्रिपांचाही फरक दिला गेला.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. हॉल्टिंगच्या १,५०० वर वाद आहे म्हणून २४,००० चं भाडं अडवून ठेवायचं, ही पद्धत वाईट आहे. वादातली ओळ बाजूला काढा, बाकीचं बिल पास करा. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर लेखी करारातही पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडं नेता येत नाही. आणि मुदत उलटल्यावर तो खर्च कंपनीला आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. उद्यम नंबर बिलावर छापून घ्या, अकाउंटवाले तो नंबर बघतात.

आणि ड्रायव्हरला एवढंच सांगा: गाडी पोचल्या पोचल्या कंपनीच्या पाटीसकट एक फोटो काढून लोडिंगवाल्याच्या नंबरवर टाकायचा, आणि काट्याच्या दोन्ही पावत्यांचे फोटो तुमच्याकडं ठेवायचे. वाटेत दुसऱ्याचा माल घ्यायचा असेल तर दर ठरवतानाच गॅरंटी वजन सोडा आणि टनाचा दर थोडा वाढवून मागा. बऱ्याच कंपन्या त्याला तयार होतात, विचारत कुणी नाही.

तुमच्या करारात हॉल्टिंग 'गेट इन'पासून लिहिलंय की 'रिपोर्टिंग'पासून, तेवढं बघून इथंच खाली लिहा. 'गेट इन' असेल तर पुढच्या नूतनीकरणाला कोणतं वाक्य घालून घ्यायचं ते सांगतो.