आतला वॉचमन

"मूळव्याध झाली म्हणे?" शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, तेव्हा बातमी फुटल्याचं कळलं. आपल्याकडे त्या भागात काहीही झालं की मूळव्याधच. माझ्या दुखण्याचं नाव मात्र फिशर. म्हणजे गुदद्वाराच्या कडेला, पाठीच्या बाजूला, नखाएवढी चीर.

नखाएवढ्या चिरेने माणसाचा किती कचरा करावा! संडासात काच कापल्यासारखं व्हायचं, कागदावर लालभडक रक्ताचे दोन थेंब. ते उरकलं की खरा खेळ सुरू. पुढचे तीन तास आतून कोणीतरी मूठ आवळल्यासारखी ठसठस. ऑफिसात मी एका कुल्ल्यावर बसून मीटिंगा केल्या. साहेबांना वाटलं, हा उठून जायच्या तयारीत आहे.

डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले. "बाहेरचा स्नायू तुमचं ऐकतो. आतला कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

हा आतला म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमनच. जरा खुट्ट झालं की गेट बंद! चीर दुखली की तो आवळतो. आवळला की तिथला रक्तपुरवठा आटतो, आणि मागच्या बाजूला तो मुळातच तुटपुंजा. रक्त नाही तर जखम भरायची कशाने? चोर आला म्हणून गेट लावलं आणि अँब्युलन्सच बाहेर अडकली. त्यात मी भीतीने दोन-दोन दिवस जायचंच टाळायचो. तेवढ्यात आतला माल वाळून दगड व्हायचा, आणि तिसऱ्या दिवशी चीर पुन्हा ताजी.

इसबगोल आणि भरपूर पाण्याने दगडाची सोय झाली. वॉचमनसाठी डिल्टियाझेमचं दोन टक्क्यांचं मलम. केमिस्ट म्हणाला, "हे औषध तर बीपीचं." बरोबर आहे, ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतं, तसाच हाही सैलावतो. वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, कडेला. आणि कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बैठक. टब काकूंकडूनच आणला होता. "पाय शेकायला," असं सांगून.

पहिल्याच बैठकीत मूठ सुटल्याचं चक्क जाणवलं. दहाव्या दिवशी दुखणं गेलं आणि मी शहाणपणा करून मलम बंद केलं. चार दिवसांत काच परत! डॉक्टर म्हणाले, "दुखणं थांबलं म्हणजे चीर भरली नाही. सहा ते आठ आठवडे लावायचं. तरी नाही भरली तर बोटॉक्सचं इंजेक्शन, नाहीतर त्या आतल्या स्नायूला छोटासा छेद." छेदाने बहुतेकांची चीर भरते, पण क्वचित वारा-मळ आवरण्याचा ताबा थोडा सुटतो, हेही त्यांनी सांगितलं. मी मुकाट्याने मलमाकडे वळलो.

सातव्या आठवड्यात काकूंनी टब परत मागितला. पापडाचं पीठ भिजवायचं होतं. मी लगेच बाजारात जाऊन त्यांना नवा आणून दिला. "अहो, जुना चालला असता की," त्या म्हणाल्या.