पांढरी कड दिसली म्हणून फोटो खोटा ठरत नाही

"टाकीभोवती पांढरी कड आहे, लांबचं आकाश मात्र काळपट. निळा रंगही विचित्र. म्हणजे टाकी दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवली आहे. खरा कॅमेरा असं कधीच करत नाही."

हा मेसेज ज्या फोटोखाली फिरतोय तो माझ्या बहिणीने काढलाय. पाण्याच्या टाकीला गेलेला तडा लोकांना दिसावा म्हणून. आता तड्याबद्दल कुणीच बोलत नाही, सगळे कडेबद्दल बोलतात.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण सगळ्यात चुकीचं तेच आहे. फोनमधला एचडीआर, म्हणजे खूप उजळ आणि खूप गडद भाग एकाच फोटोत दिसावेत यासाठीची सोय, नेमकं हेच करतो, आणि तेही कुणी न सांगता. समजा आकाश टाकीपेक्षा ६ स्टॉप, म्हणजे ६४ पट उजळ आहे. एवढा फरक फोटोत तसाच ठेवला, तर टाकी काळी पडते किंवा आकाश पांढरं होतं. म्हणून त्यातलं टोन मॅपिंग, म्हणजे हा फरक आवळणारी पायरी, प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या उजेडाची सरासरी काढतं, ती सरासरी निम्म्यावर आणतं आणि बारकावे तसेच ठेवतं. टाकीचा उजेड ० धरला, तर टाकीपासून लांब आकाशाची सरासरी ६ स्टॉप आहे, ती ३ होते. पण टाकीला लागून असलेल्या आकाशाच्या सरासरीत काळी टाकीही मिसळते. तिथे सरासरी ३ येते, तिची दीड होते. आकाश त्या सरासरीपेक्षा ३ ने उजळ होतं, तो फरक परत मिळवला की साडेचार. लांबचं आकाश ३, कडेचं साडेचार: ही झाली पांढरी कड. लांबचं आकाश काळपट वाटतं तेही यामुळेच.

ही अडचण जुनी आहे. संगणक ग्राफिक्सच्या २००२ च्या सिग्राफ परिषदेत ड्युरंड आणि डॉर्सी यांनी बायलॅटरल फिल्टर वापरून टोन मॅपिंग करण्याची पद्धत मांडली, ती या कडा टाळण्यासाठीच. सरासरी काढताना उजेडात फार वेगळे असलेले पिक्सेल ती जवळजवळ धरतच नाही.

निळ्या रंगाचं थोडक्यात: उजेड जास्त झाला की आकाशातल्या निळ्याचा आकडा आधी कमाल मर्यादेला पोचतो, हिरव्याचा मागून वाढत राहतो आणि रंग हिरवट निळा होतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. वाईट कापाकापीनेही कड उरते. पण ती सहसा बारीक आणि तुटक असते, आणि फक्त चिकटवलेल्या वस्तूभोवती असते. टोन मॅपिंगची कड रुंद असते, हळूहळू विरते आणि आकाशासमोरच्या प्रत्येक गडद वस्तूभोवती दिसते. बहिणीच्या फोटोत ती टाकीइतकीच शेजारच्या खांबाभोवती आणि झाडाभोवतीही आहे. टाकीचा खालचा भाग गडद भिंतीसमोर येतो, तिथे कड नाहीशी होते.

अशी कड असली म्हणजे फोटो अस्सल ठरतो असंही नाही. शंका असेल त्याने रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची मूळ नोंद, मागावी. तिच्यावर हे टोन मॅपिंग झालेलं नसतं, त्यामुळे तिथे कड दिसणार नाही. टाकी आणि तडा दोन्ही दिसतील.