आधी लॅपटॉप, मग आपण

बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. ही पुस्तिका एसीत बसून लिहिली असणार. माझ्या खोलीत दुपारी ३८ अंश असतात.

लॅपटॉपचा पंखा काही गार हवा बनवत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो आणि प्रोसेसरची उष्णता तिच्यावर लादून बाहेर फेकतो. म्हणून खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही वर चढतो. समजा, २५ अंशांच्या खोलीत व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना तो ९० अंशांवर जातो. म्हणजे हवेपेक्षा ६५ अंश जास्त. हाच हिशेब ३८ ला लावला तर १०३ होतात. पण तिथवर तो जात नाही. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते. ती आली की तो जळत नाही, कामाचा वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या Performance मध्ये, ऐन कामात Speed चा आकडा Base speed च्याही खाली उतरलेला दिसला, की समजावं, स्वारीनं अंग चोरायला सुरुवात केली.

यावर घरात सल्ल्यांना तोटा नाही. आईनं ओला फडका सुचवला, भाच्यानं फ्रिज. फ्रिजमधून काढलेल्या गार लॅपटॉपवर, आणि आतही, हवेतल्या बाष्पाचं पाणी धरतं. उकाड्यानं न मेलेला लॅपटॉप मग पाण्यानं मरतो.

मला पटलेला उपाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये लपलेला आहे. Maximum processor state १०० असतं, ते ९९ करायचं. एका टक्क्यानं काय होणार, असं वाटतं. पण त्यानं बहुतेक प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे थोड्या वेगासाठी भरमसाट वीज खाण्याची खोड, बंद होते. एक्स्पोर्टला वेळ जास्त लागतो, पण पंख्याचा आक्रोश थांबतो. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळच दिसत नाही. तिथं पॉवर मोड बदलून Best power efficiency करावा.

बॅटरीचं दुखणं वेगळं, कारण ती तक्रार न करता म्हातारी होते. उष्णता आणि पूर्ण चार्ज ही जोडी तिला सर्वांत वाईट. दिवसभर चार्जर लावूनच बसायचं असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते का, ते बघावं. आणि गादीवर ठेवून काम करणं म्हणजे खालच्या जाळीवर उशी दाबणंच. मी टेबलावर मागच्या कडेखाली दोन पुस्तकं सारतो, म्हणजे हवेला वाट मिळते.

टेबलफॅनचं तोंडही आता तिकडेच असतं. त्यानं गारवा येत नाही, पण बाहेर फेकलेली गरम हवा परत आत ओढली जात नाही.

"मामा, तुला नाही का उकडत?" भाच्यानं विचारलं.

"उकडतं रे. पण माझी वॉरंटी कधीच संपली."