लॉगआउटनंतर ‘बॅक’ दाबलं की दिसणारं पासबुक

“लॉगआउट करून बॅक दाबलं तरी पासबुक दिसतंय, म्हणजे खातं उघडंच राहतंय!”

नाही. खानापुरातल्या एका नेट सेंटरवर करून बघितलं. बॅकवर शिल्लक दिसली, पण रिफ्रेश मारताच लॉगिनचं पान आलं. म्हणजे सर्व्हरवर सेशन संपलं होतं. दिसत होती ती ब्राउझरने ठेवलेली जुनी प्रत. रिफ्रेशनंतरही शिल्लक दिसली असती, तर मात्र तक्रार खरी.

तरी पुढच्या गिऱ्हाइकाला आपली शिल्लक दिसावी, ही चूकच, आणि ती साइटवाल्यांची. खासगी पानासोबत सर्व्हरने हे पाठवायला हवं:

```
Cache-Control: no-store
```

याने ब्राउझर पानाची प्रत साठवतच नाही. त्या साइटवर मात्र `no-cache` होतं. नाव फसवं आहे: त्याने प्रत साठतेच, वापरण्याआधी सर्व्हरला विचारायचं एवढंच, आणि बॅक दाबल्यावर ब्राउझर बहुधा तेही विचारत नाही.

तोवर नेट सेंटरवर खासगी विंडोत काम करा नि उठताना ती बंद करा.