‘शेवटून Replace All’ करून कलमं सुधारत नाहीत

“करारातलं एखादं कलम काढलं तर वकिलाला पुन्हा पैसे कशाला? वर्डमध्ये क्रमांक आपोआप बदलतात. आतले उल्लेख शेवटून Replace All करा: १४ चे १३, १३ चे १२... मग Ctrl+A, F9. काम झालं!”

इंदूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभावाने हे टाकलं, आणि स्वतःच्या भागीदारीच्या मसुद्यावर चालवूनही मोकळा झाला. म्हणून लिहावं लागतंय.

मसुद्यात १४ कलमं. भांडवलावर व्याज देणारं कलम ६ काढलं. पहिल्या फेरीत ‘कलम १४’ चं ‘कलम १३’ झालं. दुसऱ्या फेरीत १३ चे १२ करताना मघाशी झालेले १३ सुद्धा १२ झाले. असं घसरत ७ ते १४ पर्यंतचा प्रत्येक उल्लेख ‘कलम ६’ वर येऊन बसला. निवृत्ती, लवाद, बँक खातं, सगळं कलम ६ प्रमाणे! त्यात ‘भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम १३ प्रमाणे’ हे वाक्यही सापडलं. कायद्यातलं १३ भागीदारांच्या परस्पर हक्क-जबाबदाऱ्यांचं. ६ आहे भागीदारी मुळात आहे की नाही हे कसं ठरवायचं त्याचं. आपण कलम काढलं म्हणून कायद्याचे क्रमांक कसे सरकतील?

शेवटून सुरुवात करणं पूर्ण चूक नाही, एवढं कबूल. पण ते नवं कलम मध्ये घालताना. काढताना लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे जायचं: आधी ७ चे ६, मग ८ चे ७. तरी Replace All नकोच, एकेक उल्लेख बघून बदला. नाहीतर कायद्यातल्या १३ चे १२ होणारच.

त्याही आधी जुन्या ६ चे उल्लेख निपटायचे. नफावाटपात ‘कलम ६ प्रमाणे व्याज वजा करून उरलेला नफा’ असं होतं. इथे नवा क्रमांक द्यायला कलमच उरलेलं नाही. ‘व्याज वजा करून उरलेला’ हे शब्दही काढावे लागतात. हे आधी केलं नाही तर जुना ६ आणि ७ चा झालेला नवा ६ यांत फरक कळत नाही. आणि ‘कलम ५ ते ९’ मधला ९? ‘कलम ९’ शोधून तो सापडणारच नाही. म्हणून नुसतं ‘कलम’ शोधा, पुढचं वाक्य वाचा, आणि जुन्या क्रमांकांची छापील प्रत शेजारी ठेवा.

F9 फक्त Cross-reference वापरून घातलेले उल्लेख ताजे करतं, हाताने टाइप केलेल्यांना हात लावत नाही. काढलेल्या कलमाकडे बोट दाखवणारा उल्लेख असेल तर `Error! Reference source not found.` छापून मोकळं होतं.

हे सगळं सही होण्याआधीच्या मसुद्यापुरतं. सह्या झाल्यावर क्रमांक हलवूच नयेत, ‘कलम ६ – वगळले’ एवढंच लिहावं. राज्यघटनेतला अनुच्छेद ३१ १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने वगळला, तरी ३२ अजून ३२ च आहे. नाहीतर आधीच्या प्रत्येक निकालातला ३२ आज भलत्याच जागी बोट दाखवत बसला असता.